व्याज दरमहा घ्यायचं की साठू द्यायचं? ठेवींच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला पंचवटीतल्या एका बँक शाखेत ठेवींच्या काउंटरवर बसते. खालचे प्रश्न एकाच काकांचे आहेत. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, फंड आणि ग्रॅच्युइटीचे 24 लाख बचत खात्यात पडून, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत तीन पासबुकं, दोन जुन्या पावत्या आणि मागच्या बाजूला हिशेब केलेलं लग्नपत्रिकेचं पाकीट. ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा मागच्या रांगेला ताटकळत ठेवून गेले. पण हेच प्रश्न मला आठवड्यातून पाच-सहा जण विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

हिशेबासाठी व्याजदर सगळीकडे 7 टक्के आणि मुदत 5 वर्षं धरली आहे. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल. कराच्या मर्यादा आणि फॉर्म 2025-26 या आर्थिक वर्षातले आहेत.

"ताई, आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात क्युम्युलेटिव्हच कर, त्यात व्याज जास्त. खरं का?"

दर दोन्हींना सारखाच असतो. काकांना मी दराचा तक्ता दाखवला. त्यात दिवस, वर्षं आणि ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का असे रकाने होते, क्युम्युलेटिव्ह आणि मंथली असे नव्हते.

फरक व्याजाचं पुढे काय होतं यात आहे. क्युम्युलेटिव्हमध्ये दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजालाही व्याज लागतं. 10 लाखांचे 5 वर्षांनी 14,14,778 होतात. मंथलीत व्याज दर महिन्याला बचत खात्यात येतं, मुद्दल 10 लाखच राहतं आणि शेवटी 10 लाखच परत मिळतात.

"म्हणजे एकात कोंबडी मोठी होते, दुसऱ्यात रोज अंडी मिळतात," काका म्हणाले. मागच्या बाई हसल्या. मी म्हटलं, असंच समजा, फक्त दोन्हींचा दाणा एकाच भावाचा आहे.

"दहा लाखांचे 7 टक्क्यांनी वर्षाला 70 हजार, भागिले बारा, 5,833 होतात. तुमचं मशीन 5,800 दाखवतंय. वरचे 33 रुपये कुठे गेले?"

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. बहुतेक जण विचारतच नाहीत, घरी जाऊन बँकेने पैसे खाल्ले म्हणतात.

मुदत ठेवीचं व्याज तिमाहीला धरलं जातं. 10 लाखांवर 7 टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज 17,500 होतं आणि ते तिमाही संपल्यावर देणं लागतं. तुम्ही म्हणता मला दर महिन्याला द्या. म्हणजे पहिला हप्ता बँक तुम्हाला दोन महिने आधी देते, दुसरा एक महिना आधी आणि तिसरा वेळेवर. जे आधी दिलं त्याचं तेवढ्या दिवसांचं व्याज बँक वजा करते. 5,800 वर दोन महिन्यांचे साधारण 67 रुपये आणि एका महिन्याचे 34, मिळून 101. तिकडे 5,800 गुणिले तीन केले तर 17,400 होतात, म्हणजे 17,500 ला शंभर कमी. दोन्ही बाजू जुळल्या.

काकांनी पाकिटावर हे स्वतः करून पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाले, "पण आधी सांगायला काय होतं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्जावर "मासिक व्याज सवलतीच्या मूल्याने" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. सवलत शब्द वाचून लोकांना वाटतं आपल्याला काहीतरी मिळतंय. ती सवलत बँकेच्या बाजूची असते.

हे टाळायचं असेल आणि दर महिन्याला पैसे लागत नसतील, तर तिमाही व्याज घ्या. मग पूर्ण 17,500 मिळतात.

"तरी हिशेब चुकतोच. मंथलीचे 5,800 गुणिले साठ, म्हणजे 3 लाख 48 हजार. क्युम्युलेटिव्हचं व्याज 4 लाख 15 हजार. 67 हजारांचं नुकसान नाही का?"

नुकसान तेव्हा म्हणायचं, जेव्हा तेच पैसे तुम्ही तसेच वापरले असते आणि तरी कमी पडले असते. इथे 67 हजार आले कुठून ते पाहा. साठ महिने ते 5,800 तुम्ही काढले नाहीत, खर्चले नाहीत, बँकेकडेच ठेवले, त्याचे ते 67 हजार.

उलटं करून बघू. मंथली ठेव करा आणि येणारे 5,800 दर महिन्याला त्याच दराच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, टाका. पाच वर्षांनी आरडीत जवळजवळ 4 लाख 15 हजारच जमतात. तेच पैसे, तोच दर, फक्त दोन पावत्या.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी व्याज खर्चणार असेन तर मंथली, खर्चणार नसेन तर क्युम्युलेटिव्ह. एवढंच?" एवढंच. कट्ट्यावरचे जे म्हणतात त्यांना दोन वेळचं पेन्शनमध्ये भागतं, म्हणून त्यांना क्युम्युलेटिव्ह बरी वाटते.

खरं नुकसान कोणाचं होतं ते मी रोज पासबुक छापताना बघते. मंथली घेतलेली असते, पण व्याज कोणी काढतच नाही. खात्यात चार वर्षांचं व्याज साठलेलं असतं आणि त्यावर बचत खात्याचे अडीच-तीन टक्के मिळत असतात. असं पासबुक दिसलं की मी विचारते, "काका, हे लागत नाही का तुम्हाला?" उत्तर बहुधा असं येतं की एजंटाने तेव्हा मंथलीवर सही घेतली होती.

"छापील कागदावर 8.30 टक्के उत्पन्न असं लिहिलंय. दर 7 आणि उत्पन्न 8.30, हे कसं?"

पाच वर्षांत 100 चे 141.48 झाले, वरच्या 41.48 ला पाचने भागलं, 8.30 आलं. पण पहिल्या वर्षाचं व्याज पाचव्या वर्षापर्यंत अडकलेलं असतं, हे त्या भागाकारात कुठे दिसत नाही. एका वर्षात प्रत्यक्ष 100 चे 107.19 होतात. वेगवेगळ्या बँकांची तुलना करायची असेल तर दराचा आकडा बघा, त्या आकड्याकडे बघू नका.

"मग मी काय करू? सगळे 24 लाख एकातच टाकू?"

इथे मी त्यांना उलट विचारलं, घरात महिन्याला किती कमी पडतात? त्यांनी पाकीट पालटलं. घरखर्च, काकूंची गोळ्या-औषधं, वीज, गॅस धरून साधारण 18 हजार. कंपनीच्या फंडाचं पेन्शन 3,400, वरच्या खोलीचं भाडं 6,000. कमी पडतात 8,600.

7 टक्क्यांनी 1 लाखाला महिन्याला 580 मिळतात. 8,600 ला 580 ने भागलं की जवळजवळ 15 लाख होतात. थोडी सवड ठेवून 16 लाख मंथलीत टाकायचे, दरमहा 9,280 येतील. उरलेले 8 लाख क्युम्युलेटिव्हमध्ये. पाच वर्षांनी त्यांचे साधारण 11 लाख 32 हजार होतील. तोपर्यंत महागाई वाढलेली असेल, 9,280 अपुरे वाटू लागतील, तेव्हा हे वाढलेले 8 लाख मंथलीत वळवता येतील. क्युम्युलेटिव्हचं काम या घरात एवढंच आहे, पाच वर्षांनंतरच्या महिन्यांसाठी.

दुसरी गोष्ट, 16 लाखांची एक पावती करायची नाही. 4 लाखांच्या चार पावत्या आणि क्युम्युलेटिव्हच्या 4 लाखांच्या दोन. व्याजात फरक पडत नाही. पैसे लागले तर एकच मोडता येते, बाकीच्या तशाच चालू राहतात. माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त पश्चात्ताप मी कुठल्या गोष्टीचा पाहिला असेल तर तो एका मोठ्या पावतीचा.

मी त्यांना हेही सांगितलं की आमच्या एफडीच्या आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत किती ठेवता येतील ते बघा. सरकारी योजना, 60 वर्षांपुढच्यांसाठी, 30 लाखांपर्यंत, 2025-26 मध्ये दर 8.2 टक्के, व्याज तिमाहीला मिळतं. दरमहाचं जुळवून घेता आलं तर ती बरी. शाखाधिकारी ऐकत नव्हते म्हणून बोलले. काका म्हणाले, "पोस्टात ठेवलेत त्यातले थोडे, हे त्याशिवायचे 24."

"क्युम्युलेटिव्हचं व्याज पाच वर्षांनी हातात येणार. मग कर पण पाच वर्षांनी ना?"

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, म्हणून इथे थोडं थांबते.

व्याज हातात आलं नाही तरी दरवर्षी ते तुमच्या नावावर जमा धरलं जातं आणि बँक त्यावर टीडीएस कापते. ज्येष्ठ नागरिकांना एका बँकेत वर्षभरात 1 लाखापर्यंत व्याज असेल तर टीडीएस नाही. 2025-26 च्या आधी ही मर्यादा 50 हजार होती. बँकेच्या सगळ्या शाखांतलं व्याज एकत्र धरतात, त्यामुळे एक पावती पंचवटीत आणि दुसरी नाशिकरोडला केली म्हणून सुटत नाही. मर्यादा ओलांडली की वरच्या भागावर नाही, पूर्ण व्याजावर 10 टक्के जातात. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के.

काकांचं बघा. 16 लाखांवर वर्षाला साधारण 1,11,350 व्याज. 8 लाखांच्या क्युम्युलेटिव्हवर पहिल्या वर्षी 57,500. मिळून 1 लाख 69 हजारांच्या आसपास. 1 लाखाच्या वर गेलं. काही केलं नाही तर वर्षाला साधारण 16,900 टीडीएस जाणार.

मंथलीत तो लगेच दिसतो, 9,280 ऐवजी 8,350 येतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. क्युम्युलेटिव्हमध्ये दिसत नाही. टीडीएस वाढत्या व्याजातून कापला जातो, मुद्दलात कमी मिसळतं आणि पुढचं व्याज त्या कमी रकमेवर लागतं. पावतीवर छापलेलं असतं 11 लाख 32 हजार. पाच वर्षांनी हातात येतात 10 लाख 93 हजार. 38 हजार कमी. त्यातले साधारण साडेबत्तीस हजार कापलेला कर, तो दरवर्षी रिटर्न भरलं असतं तर परत मिळाला असता. उरलेले साडेपाच हजारांच्या वर त्या कराच्या पैशावरचं चुकलेलं व्याज, ते बँक देत नाही.

"पण ताई, माझं उत्पन्न कराइतकं आहेच कुठे?"

तेच. काकांचं वर्षाचं व्याज 1 लाख 69 हजार, पेन्शन 40,800 आणि भाडं 72 हजार. सगळं मिळून 2 लाख 82 हजार. पोस्टातल्या ठेवीचं व्याज मिळवलं तरी त्यांचं 3 लाखांच्या खालीच राहत होतं. जुन्या करपद्धतीत 60 वर्षांपुढच्यांना 3 लाखांपर्यंत आणि नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही. त्यांचा कर शून्य. अशा वेळी फॉर्म 15 एच भरून दिला की बँक टीडीएस कापत नाही.

फॉर्मबद्दल लोक ज्या चुका करतात त्या अशा. एकदा भरला की कायमचा असं समजतात, पण तो दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावा लागतो आणि एप्रिलमध्ये दिला तर उत्तम. एका बँकेत दिला की सगळीकडे चालेल असं वाटतं, पण प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. आणि सगळ्यात वाईट, "क्युम्युलेटिव्हचं व्याज मिळालंच नाही, मग फॉर्म कशाला" म्हणून फक्त मंथलीसाठी भरतात.

उशीर झाला आणि टीडीएस गेला, तर तो बँकेकडून परत मिळत नाही. सरकारकडे भरला गेलेला असतो. रिटर्न भरूनच परत मागायचा.

ज्यांचं उत्पन्न करपात्र आहे त्यांनी 15 एच भरू नये, ती खोटी घोषणा होते. त्यांनी क्युम्युलेटिव्हचं व्याज दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवत जावं. पाचव्या वर्षी एकदम चार लाख दाखवायला गेलात तर त्या वर्षीचा टप्पा वर जातो, आणि आधीच्या वर्षांत कापलेला टीडीएस जुळत नाही. एकट्या पाचव्या वर्षाचंच व्याज, 10 लाखांच्या ठेवीवर, 94,849 असतं, पहिल्या वर्षी 71,859 होतं. म्हणजे पहिल्या वर्षी मर्यादेत बसणारी ठेव नंतर मर्यादेबाहेर जाऊ शकते, तुम्ही एक रुपया न टाकता.

"पत्नीच्या नावावर अर्धे ठेवले तर?"

टीडीएस पावतीवरच्या पहिल्या नावाने कापला जातो, म्हणून तो कमी होईल. पण पैसे तुमचे असतील तर करासाठी ते व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. तुमचा कर शून्यच आहे, तर या खटाटोपाची गरज नाही. दोघांचं नाव मात्र पावतीवर घाला आणि वारस नोंदवा.

"मध्येच पैसे लागले तर मंथली बरी की क्युम्युलेटिव्ह?"

मोडायला दोन्ही सारख्या, पण मंथलीत एक धक्का बसतो. ठेव जेवढे दिवस राहिली, तेवढ्या मुदतीचा ठेव केली त्या दिवशीचा दर लागतो आणि त्यातून दंड वजा होतो, बऱ्याच बँकांत अर्धा ते एक टक्का. मंथलीत तुम्हाला आधीच 7 टक्क्यांनी पैसे दिलेले असतात. जास्त गेलेलं बँक मुद्दलातून परत घेते.

4 लाखांची मंथली 14 महिन्यांनी मोडली असं धरू. एक ते दोन वर्षांचा दर त्या दिवशी साडेसहा होता, अर्धा टक्का दंड, म्हणजे 6 टक्के. तुम्ही घेतलंत 32,480. सहा टक्क्यांनी मिळायला हवं होतं 27,860. वरचे 4,620 मुद्दलातून जातात आणि हातात 3,95,380 येतात. "माझे चार लाख कमी कसे?" हा आवाज मी ज्या सुरात ऐकला आहे तो इथे लिहिता येणार नाही.

थोड्या दिवसांसाठी लागत असतील तर मोडू नका. ठेवीवर साधारण 90 टक्क्यांपर्यंत उचल मिळते, बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. 2 लाख तीन महिन्यांसाठी 8 टक्क्यांनी घेतले तर व्याज 4,000 होतं. ठेवीचं 7 टक्के व्याज तिकडे चालूच राहतं, त्यामुळे खरा भार त्या एका टक्क्याचा, साधारण 500 रुपये.

क्युम्युलेटिव्हची मंथली मध्येच करून मिळत नाही. ती मोडून नवी करावी लागते, त्या दिवशीच्या दराने.

"माझी पावती नक्की कोणती आहे, ते कसं ओळखायचं?"

मुदतपूर्तीची रक्कम बघा. ती मुद्दलाएवढीच असेल तर व्याज बाहेर पडतंय. जास्त असेल तर साठतंय. काकांच्या पिशवीतली एक जुनी पावती "मंथली आहे" म्हणून ते दोन वर्षं धरून बसले होते. 1 लाखाच्या पावतीवर 1,41,478 छापलेलं होतं. व्याज खात्यात का येत नाही हे विचारायला ते आलेच नव्हते, भीड वाटली म्हणे.

"बँक बुडाली तर?"

ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत असतं, मुद्दल आणि व्याज मिळून. 4 लाख 80 हजारांची क्युम्युलेटिव्ह पहिल्या वर्षातच 5 लाखांच्या वर जाते, मंथली वाढत नाही. छोट्या बँकेत ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात धरावं.

"मुदत संपली आणि मी यायला विसरलो तर?"

अर्जावर आपोआप नूतनीकरणाला खूण केलेली असेल तर त्याच प्रकारात, त्या दिवशीच्या दराने ठेव पुढे चालते. खूण नसेल आणि पैसे पडून राहिले, तर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा जुना दर, यातला जो कमी तो लागतो.

"शेवटचं. व्याज एक तारखेला येईल ना? दूधवाला एकलाच येतो."

आमच्याकडे ठेव ज्या तारखेला केली त्या तारखेला दर महिन्याला येतं. त्या दिवशी 19 तारीख होती. काकांनी सगळे भरलेले अर्ज पुन्हा पिशवीत घातले, 15 एच फक्त ठेवून गेले, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला दार उघडायच्या आधी शटरबाहेर उभे होते.